घरगुती शिकवणी : आधी वह्या मोजा, मग फी ठरवा

प्रश्न : मी कोल्हापूरच्या फुलेवाडीत राहते. बी.एस्सी. झालेय, एका शाळेत शिकवत होते, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. ती आता तीन वर्षांची आहे. जूनपासून घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या म्हणते. हॉल बारा बाय दहाचा आहे, पंधरा मुलं आरामात बसतील. शेजारच्या गल्लीत एक जण सगळ्या विषयांचे महिन्याला ५०० घेतात. मी फी किती ठेवू? एका बॅचला किती मुलं घेऊ? आणि वेळ कोणती बरी?

उत्तर :

ताई, हॉलमध्ये पंधरा मुलं बसतील याबद्दल शंका नाही. पण तुमच्या बॅचमध्ये किती मुलं घ्यायची ते सतरंजीवरून ठरत नाही. दीड तासात तुम्ही किती वह्या नीट बघू शकता, त्यावरून ते ठरतं. फी त्यानंतर येते. बहुतेक जण उलटं करतात : आधी गल्लीतली फी ऐकतात, तेवढ्या फीत परवडावं म्हणून मुलं वाढवतात आणि मग वेळ पुरत नाही म्हणून कावतात.

शिकवणीला मूल का येतं ते आधी बघू. शिकवून शाळेतही होतं. शाळेत होत नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे मूल गणित करत असताना शेजारी बसून ते कुठं चुकतंय हे बघणं. साठ मुलांच्या वर्गात ते शक्यच नसतं. एक साधं उदाहरण घ्या. सहावीच्या मुलाला ६१२ भागिले ६ करायला द्या. बरीच मुलं उत्तर १२ लिहितात. सहा एके सहा झालं, खाली एक घेतला, एकात सहा जात नाहीत म्हणून मूल पुढचा दोन घेतं आणि ‘बाराला सहा दुणे’ करून मोकळं होतं. मधे भागाकारात शून्य मांडायचं राहून जातं. उत्तर १०२ आहे. आता हे मूल तिसऱ्या गणितावर असताना तुम्ही वही बघितलीत, तर बोट ठेवून ‘इथं एकात सहा किती वेळा गेले?’ एवढं विचारलं की काम होतं. तेच दहा गणितं झाल्यावर वही बघितलीत, तर त्यानं दहा वेळा चुकीच्या पद्धतीचा सराव केलेला असतो आणि ती सवय मोडायला चार दिवस जातात. म्हणजे एका बैठकीत प्रत्येक वहीकडं दोनदा जायला हवं : एकदा सुरुवातीच्या दोन-तीन गणितांनंतर, एकदा शेवटी. नीट बघायचं, मुलाला बोलतं करायचं, तर एका खेपेला चार मिनिटं धरा. एका मुलामागं आठ मिनिटं झाली.

आता दीड तासाचा हिशोब मांडा. नव्वद मिनिटांतली पहिली दहा मुलं येण्यात, चपला काढण्यात, कालचा अभ्यास दाखवण्यात जातात. सगळी मुलं एकाच इयत्तेची असतील तर नवीन भाग समजावायला वीस मिनिटं लागतात. उरली साठ. आठ मिनिटांनी भागलं की सात मुलं बसतात. दोन इयत्ता एकत्र असतील तर प्रत्येकीला पंधरा-पंधरा मिनिटं शिकवण्यातच जातात, उरतात पन्नास, मुलं बसतात सहा. तुम्ही म्हणता तशी पाचवी, सहावी, सातवी तिन्ही एका बैठकीत घेतलीत, तर शिकवण्यातच पंचेचाळीस मिनिटं जातील, हातात पस्तीस राहतील आणि मुलं बसतील जेमतेम चार. खोली तीच, बाई त्याच, वेळ तेवढाच. फक्त इयत्ता वाढल्या की जागा कमी होतात. हे गणित कुणी आधी सांगत नाही. मग जूनमध्ये ‘येतील ती घेऊ’ म्हणून तीन इयत्तांची दहा मुलं घेतली जातात आणि ऑगस्टपर्यंत शिकवणीचं पाळणाघर होतं.

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी संध्याकाळच्या बॅचला सहावी आणि सातवी एवढंच घ्या, सहा मुलं. पाचवी यात मिसळू नका. पाचवीला विज्ञान वेगळं नाही, परिसर अभ्यास असतो. शिवाय राज्यात २०२३ च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली आहे. त्यात आणि नंतरच्या फेरपरीक्षेतही उत्तीर्ण झालं नाही तर मूल त्याच वर्गात राहू शकतं. त्यामुळं फेब्रुवारीपासून पाचवीच्या आईवडिलांचा जीव टांगणीला लागतो. ते काम वेगळं आहे. पाचवीची चार मुलं मिळाली तर त्यांची स्वतंत्र बॅच करा, नाहीतर यंदा पाचवीला नम्रपणे नाही म्हणा.

आणखी एक मिसळ टाळा. राज्य मंडळ आणि सीबीएसई एकत्र घेऊ नका. सीबीएसईच्या शाळा साधारण एप्रिलमध्ये नवीन वर्ग सुरू करतात, आपल्याकडं वर्ष सुरू होतं जूनच्या मध्यावर. तुम्ही पहिला धडा काढाल तेव्हा सीबीएसईचं मूल दोन-तीन धडे पुढं गेलेलं असेल, पुस्तकंही वेगळी. एकाच इयत्तेची दोन मुलं दिसली तरी तुमच्या हिशोबात त्या दोन इयत्ताच धरायच्या. सेमी इंग्रजी आणि मराठी माध्यम मात्र एकत्र चालतं, कारण गणिताचा क्रम तोच असतो. फळ्यावर ‘अंश-छेद’च्या शेजारी ‘न्यूमरेटर-डिनॉमिनेटर’ लिहायची सवय ठेवली की भागतं.

प्रवेशाच्या दिवशी मुलाला आईसमोर तपासू नका. आईला चहा द्या, मुलाला वीस मिनिटं वेगळं बसवा. प्रश्न त्याच्या इयत्तेचे नकोत, दोन इयत्ता खालचे द्या : ४०३ वजा १८७, ६१२ भागिले ६, सातचा पाढा मधूनच, तीन चतुर्थांश आणि एक अष्टमांशाची बेरीज, आणि मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला. अपूर्णांकांच्या बेरजेत चार द्वादशांश आलं, म्हणजे वरची बेरीज वर आणि खालची खाली केली, तर छेद समान करणं डोक्यात बसलेलंच नाही हे कळतं. हे सहावी-सातवीत सर्रास सापडतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण वजाबाकीत ४०३ मधून हातचा घेता येत नाही, वाचताना बोट ठेवून अक्षर-अक्षर जुळवावं लागतंय, असं सातवीतलं मूल आलं तर लक्षात ठेवा की ते तुमच्या सहातल्या दोन जागा खाणार. त्याला नाकारू नका. पण मग त्या बॅचला पाचच मुलं घ्या, किंवा पहिले दोन महिने त्याला अर्धा तास आधी बोलवा आणि आईला स्पष्ट सांगा की जून-जुलैत शाळेचा धडा नाही, वजाबाकी आणि भागाकारच होईल. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या घटक चाचणीचे मार्क हातात घेऊन आई दारात उभी राहते आणि तेव्हा सांगितलेलं कारण सबब वाटते.

विषयांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फीशी त्याचा थेट संबंध आहे. ‘सगळे विषय’ घेऊ नका. सगळे विषय घेतले की रोज शाळेचा गृहपाठ लिहून घेणं, प्रकल्पाच्या वहीत चित्रं चिकटवणं, इतिहासाची प्रश्नोत्तरं पाठ करून घेणं, यात नव्वद मिनिटं संपतात. ५०० रुपयांत सगळे विषय घेणाऱ्या बाई बहुतेक हेच करत असणार, आणि त्यात त्यांची चूक नाही, तेवढ्या फीत तेवढंच होतं. तुम्ही गणित, विज्ञान आणि इंग्रजी घ्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार गणित. मंगळवारी विज्ञान, गुरुवारी इंग्रजी. आईनं ‘बाकीच्या विषयांचं काय?’ विचारलं तर सांगा, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मराठी आणि समाजशास्त्राच्या सरावाचे दोन दिवस देईन, रोज नाही.

आता फी. महिन्याचे कामाचे दिवस बावीस धरा. बावीस दिवस रोज दीड तास, म्हणजे तेहेतीस तास. रोजची तयारी, गणितं निवडणं, छोटी चाचणी काढणं याला अर्धा तास, म्हणजे आणखी अकरा. एकूण चव्वेचाळीस तास. झेरॉक्स, मार्कर, वीज, वर्षाकाठी एखादी सतरंजी, हे महिन्याला ४०० रुपये धरा.

सहा मुलं, ५०० रुपये फी : ३००० आले, खर्च जाऊन २६००, तासाला ५९ रुपये पडले. सहा मुलं, ८०० रुपये : ४८०० आले, खर्च जाऊन ४४००, तासाला बरोबर १०० रुपये. आता मोहात पाडणारा तिसरा हिशोब बघा. बारा मुलं, ५०० रुपये. ६००० आले, खर्च थोडा वाढून ५५०० उरले. महिन्याचा आकडा मोठा दिसतो. पण बारा वह्या वर्गात बघून होत नाहीत, त्या रात्री स्वयंपाक आवरल्यावर बघाव्या लागतात. एका वहीला पाच मिनिटं धरली तरी रोजचा एक तास, महिन्याचे बावीस. एकूण तास झाले सहासष्ट, तासाला ८३ रुपये. म्हणजे महिन्याला ११०० रुपये जास्त मिळवण्यासाठी तुम्ही बावीस तास जादा राबलात, त्या जादा तासांचा दर पडला ५० रुपये, आणि भागाकारातलं शून्य तरीही वेळेवर सापडलं नाही ते नाहीच. ज्या घरी महिन्याचे ते ११०० रुपये खरंच अडलेले असतील, तिथं हा निर्णय चुकीचा म्हणणार नाही मी. पण निदान डोळे उघडे ठेवून घ्या. जास्त पैसे हवे असतील तर एक बॅच फुगवण्यापेक्षा दुसरी बॅच काढा. त्याच इयत्तांची असेल तर तयारी जवळजवळ तीच चालते.

शेजारी ५०० असताना ८०० कोण देईल, ही तुमची पुढची शंका असणार. काही जण देणार नाहीत, आणि ते चालतं, तुम्हाला सहाच हवेत. पण ‘सुरुवातीला कमी ठेवू, मग वाढवू’ हे करू नका. ४०० वर आलेल्या आईला वर्षाच्या मध्यात ८०० सांगितले की ती फसवल्यासारखी बघते, आणि तिच्यामुळं नवीन येणारीलाही ४०० च ऐकायला मिळतात. त्याऐवजी पहिले पंधरा दिवस बिनफीचे ठेवा. मूल बसू दे, तुम्हाला त्याची वही कळू दे, आईला तुमची पद्धत कळू दे. पंधराव्या दिवशी आईला बोलावून वहीतली दोन पानं शेजारी ठेवून दाखवा, पहिल्या दिवसाचं आणि आजचं. मग पूर्ण फी. वाढ करायची ती फक्त जूनमध्ये, आणि एप्रिलमध्येच सांगून.

फी महिन्याची सांगू नका, वर्षाची सांगा. ‘वर्षाचे ८०००, दहा हप्त्यांत, जून ते मार्च.’ आकडा तोच आहे, पण महिन्याची फी म्हटलं की दिवाळीच्या महिन्यात ‘मॅडम, पंधराच दिवस झाले की वर्ग’ म्हणून निम्मे हातावर ठेवले जातात. जूनमध्ये शाळा पंधराला उघडते म्हणून निम्मे, मूल चार दिवस आजारी होतं म्हणून वजाबाकी. वर्षाची फी म्हटली की हा घोळ मुळातच राहत नाही. एका साध्या कागदावर लिहून द्या : वर्षाची फी, हप्त्याची तारीख, सुट्ट्या, मधेच सोडलं तर चालू हप्ता परत मिळणार नाही पण पुढचे द्यावे लागणार नाहीत. चार ओळी पुरतात. त्यावर आईची किंवा वडिलांची सही घ्या.

हप्ता एक तारखेला ठेवू नका, दहा तारखेला ठेवा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पगार सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतात, एक तारखेला मागितलं तर उगाच ‘देतो, देतो’ची सवय लागते. तुमच्या भागात शेती आणि जनावरं असलेली घरंही आहेत. त्यांच्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांनी येतं आणि मोठा पैसा उसाच्या बिलाचा. असा पालक म्हणाला, ‘मॅडम, महिन्याच्या महिन्याला जमत न्हाई, कारखान्याचं बिल आलं की एकदम देतो,’ तर तो टाळत नाहीये. त्याला जूनमध्ये दोन हप्ते आणि बाकीचं हंगामात बिल आल्यावर, असं लिहून द्या. ही माणसं सहसा बुडवत नाहीत. बुडवणारे वेगळे असतात, ते दर महिन्याला नवीन कारण आणतात. दोन हप्ते थकले की फोन करायचा, आईला नाही जमलं तर वडिलांना. मुलाकडं फीचा विषय काढायचा नाही, निरोपही त्याच्याबरोबर द्यायचा नाही. बाकीच्यांसमोर ‘तुझी फी राहिलीय रे’ म्हटलेलं मूल दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी थांबतं, आणि खरं कारण घरी कधीच सांगत नाही.

दोन भावंडं आली तर दुसऱ्याला पंधरा-वीस टक्के सवलत द्या, निम्मी नको, कारण दुसरी वही बघायला निम्मा वेळ लागत नाही. आणि नात्यातली मुलं. ‘मामीकडंच जायचं, फी कसली’ म्हणून नणंदेचा मुलगा येणार, हे गृहीत धरा. त्याला फुकट घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण सहातली एक जागा त्याची म्हणून मोजा. सातवा म्हणून कोपऱ्यात बसवलात तर त्याचंही होत नाही आणि बाकीच्यांचंही. एखादं खरंच गरजू मूल असेल तर तीच एक जागा त्याच्यासाठी ठेवा, आणि ते कुणाला सांगू नका.

वेळ ठरवण्याआधी आपल्या भागातल्या मुलांच्या शाळा कुठल्या सत्रात भरतात ते विचारा. सकाळची शाळा साधारण बारा-साडेबाराला सुटते, दुपारची पाच-साडेपाचला. दुपारच्या शाळेची मुलं रिक्षामामांच्या रिक्षातून घरी पोचेपर्यंत पावणेसहा होतात. त्यांना दूध, काहीतरी खाणं आणि थोडं हुंदडणं हवंच, नाहीतर तुमच्यासमोर बसून जांभया देतात. त्यांच्यासाठी सव्वासहा ते पावणेआठ. त्याच्या पुढं नको. आठनंतर मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही, तुमच्याही घरी जेवणाची वेळ होते, आणि पावसाळ्यात मुलींना अंधारातून पाठवायला आयांना नको वाटतं. सकाळच्या शाळेची मुलं असतील तर साडेतीन ते पाच. दुपारी जेवून झोपलेलं मूल तीनला उठतं, तीनच्या आधी बोलावू नका. सकाळी साडेसात ते नऊ ही दुपारच्या शाळेच्या मुलांसाठी डोक्याला सगळ्यात चांगली वेळ, पण तुमची मुलगी तीन वर्षांची आहे. त्या वेळी तिचं उठणं, आंघोळ, नाश्ता असणार. मधे चार वेळा उठावं लागलं तर वह्यांचा हिशोब कोलमडतो. संध्याकाळी सासूबाई किंवा तिचे बाबा तिला दीड तास बाहेर नेतील अशी सोय झाली तर सव्वासहाचीच वेळ पक्की करा. ती सोय लागेपर्यंत दुसरी बॅच काढू नका.

आठवड्याला पाच दिवस शिकवणं, शनिवारी अर्ध्या तासाची दहा मार्कांची चाचणी, रविवार बंद. चाचणीचे पेपर जपून ठेवा, ऑक्टोबरमध्ये पालकांशी बोलताना तेच तुमचं बोलणं असतं.

कोल्हापूरचं वर्ष शिकवणीच्या दृष्टीनं कसं जातं तेही आधीच वहीत मांडून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला आणि पंचगंगेनं पात्र सोडलं की गगनबावडा रोड बंद होतो. बालिंगा, दोनवडेकडची मुलं येऊच शकत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत आपण बघितलंच, कित्येक घरं नातेवाईकांकडं नाहीतर शाळांमध्ये जाऊन राहिली. असे पाच-सात दिवस जातील असं धरूनच चाला आणि भरपाई रविवारी सकाळी दोन-दोन तास घेऊन गणपतीच्या आधी संपवा. गणपतीत मुलं मंडळात असतात, तेव्हा जादा तास लावले तर रिकाम्या सतरंजीला शिकवावं लागतं. पुरात ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांच्याकडं त्या महिन्याच्या हप्त्याचा विषय काढायचा नाही, मागून बघायचं. नवरात्रात संध्याकाळी उपस्थिती पडते, तेव्हा नवीन धडा काढू नका, उजळणी घ्या. आणि डिसेंबरनंतर फुटबॉलचा हंगाम. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणचा सामना असेल त्या दिवशी पेठेतली पोरं येतील अशी आशा ठेवू नये. फुलेवाडीतही संघाचा नाद काही कमी नाही. एका सातवीच्या मुलाला मी त्याच्या संघाच्या गोलांची सरासरी काढायला दिली होती, तेव्हा अपूर्णांकाला नाक मुरडणारा तो पोरगा दशांश चिन्हाच्या पुढं दोन स्थळांपर्यंत गेला.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या कायद्याच्या, कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तुम्ही नोकरी सोडली आहे, त्यामुळं अडचण नाही. पण पुढं कुठं शिक्षक म्हणून रुजू झालात तर शिकवणी बंद करावी लागेल. केंद्रानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये वगैरे. त्यात पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेली केंद्रं येतात, घरातली सहा मुलं नाहीत. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, ती तर लांबच. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या सचिवांना आधी सांगा, आणि सायकली जिन्यात लागू देऊ नका. शेजाऱ्यांची पहिली तक्रार मुलांच्या गोंगाटाची नसते, सायकलींची आणि दारात पडलेल्या चपलांची असते.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप फक्त निरोपांसाठी ठेवा आणि त्यात फक्त तुम्हालाच लिहिता येईल असं करा. चाचणीचे मार्क तिथं टाकू नका, ज्याचे त्याला कळवा. एकाचे दहापैकी चार ग्रुपवर दिसले की ती आई दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही.

एक गोष्ट ऑक्टोबरसाठी. प्रथम सत्राचे निकाल लागले की दोन-तीन आया दारात येतात. ‘पोरगं घरात काय ऐकत न्हाई, तुमीच बघा, कुठंतरी कोपऱ्यात बसवा.’ तोपर्यंत तुमची सहा भरलेली असतील. सातव्याला कोपऱ्यात बसवू नका. नाव, इयत्ता, शाळेचं सत्र वहीत लिहून घ्या, ती वीस मिनिटांची तपासणी तेव्हाच करून ठेवा आणि सांगा की एकाच किंवा लागून असलेल्या दोन इयत्तांची चार मुलं झाली की साडेतीनची बॅच काढते. उरलेल्या वर्षाचे हप्ते मोजून तेवढीच फी सांगा : नोव्हेंबरपासून आलं तर पाच हप्ते, ४०००. चार मुलं जमली नाहीत तर यादी जूनपर्यंत ठेवा आणि मे महिन्यात त्यांनाच आधी फोन करा.